मालक केव्हाही घरात येईल

भाचीला सावेडीत भाड्याने फ्लॅट मिळाला. इंग्रजी कराराचे फोटो तिने मला पाठवले आणि मी फोनवर एकेक कलम मराठीत सांगू लागलो.

“तिसरं कलम. मालक न कळवता केव्हाही घरात येऊ शकतो.”

“मामा, मी अंघोळीला असले तरी?”

“कराराप्रमाणे, हो. चौथं. तू अकरा महिने घर सोडायचं नाहीस, पण तो पंधरा दिवसांत तुला काढू शकतो. सहीआधी मालकाला दोन्ही विचार.”

तिने जाऊन म्हाताऱ्या मालकाला दोन्ही कलमं मराठीत ऐकवली. तो घाबरलाच.

“आगं, मला कुठं इंग्रजी येतंय? एजंटानं छापलंय. बायकोला कळलं तर मलाच घराबाहेर काढंल!”

घरी यायच्या आदल्या दिवशी कळवायचं आणि दोघांनाही महिन्याची नोटीस, असं त्याने निमूट बदलून दिलं. मगच भाचीने सही केली.