टाकीचा थांबा

फोनमध्ये राहणाऱ्या एका कामगारामुळे चाकणच्या एका खऱ्या कामगार बाईला मेमो मिळाला. फोनमधला कामगार मी कामावर ठेवलेला होता. त्याला इंग्रजीत ‘सर्व्हिस वर्कर’ म्हणतात. नाव ऐकून तुम्हाला गणवेश आणि डबा आठवत असेल, तर तो दोष माझा नाही. बाकी सगळा आहे.

आमचं ऑफिस पिंपळे सौदागरला, एका सोसायटीच्या तळमजल्यावर. चाकणच्या एका कारखान्यासाठी आम्ही ब्राउझरमधून चालणारं बसचं ॲप केलं होतं: कुठल्या थांब्यावर, कुठल्या शिफ्टची बस, किती वाजता. प्लॅन्टच्या शेडमध्ये रेंज येत नाही. म्हणून मी ते रेंज नसतानाही उघडेल असं बनवलं. ॲप एकदा उघडलं की सर्व्हिस वर्कर पानं आणि वेळापत्रक फोनमध्येच साठवून ठेवतो आणि पुढच्या वेळी नेटवर न जाता तिथूनच काढून देतो. डेमोच्या दिवशी मी फोन एअरोप्लेन मोडवर टाकून ॲप उघडून दाखवलं, तेव्हा ट्रान्सपोर्ट साहेबांनी टाळी वाजवली होती. ती टाळी मला नंतर फार महागात पडली.

पुढे रस्ता खोदला आणि पिंपळे गुरवचा पाण्याच्या टाकीजवळचा थांबा उचलून पुलाच्या पलीकडं नेला. वेळही अलीकडं आली. मी त्याच दिवशी बदल चढवला. आणि अंगात हुशारी फार असल्यामुळे सर्व्हिस वर्करच्या फाइलचं नावही बदललं. नवं वेळापत्रक, नवा कामगार, नवं नाव! जुनी फाइल सर्व्हरवरून पुसूनही टाकली. तपासायला खासगी विंडो उघडली. आला पुलाचा थांबा. म्हटलं, झालं काम, आणि चहाला गेलो.

खासगी विंडोत आधीचं काही साठवलेलं नसतं, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि आठवणं यांची माझी कधी एकाच वेळी भेट होत नाही.

दुसऱ्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. “कामगार ऐकत नाहीत हो. जुन्याच थांब्यावर उभे राहतात आणि ॲपवर ढकलतात. माझ्या नव्या लॅपटॉपवर बरोबर दिसतंय.”

“रिफ्रेश करायला सांगा,” मी म्हणालो.

हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा बोललोय, की झोपेतून कुणी उठवलं तरी आधी तेच निघेल. इथं ते साफ चुकीचं होतं. रिफ्रेश केलं की विचारणा जाणार त्याच जुन्या वर्करकडं, आणि तो इमानेइतबारे साठवलेलं जुनंच पान पुढं करणार.

शेवटी आमच्या मालकानं मला चाकणला पिटाळलं. जाताना म्हणाला, “राव, युजरची चूक आहे म्हणून सांगून ये, विषय संपव.”

ट्रान्सपोर्ट ऑफिसात एक ताई बसल्या होत्या. वायरिंगच्या लाइनवर काम, माहेर-सासर दोन्ही लातूरकडचं. सकाळच्या शिफ्टला दोनदा टाकीजवळ उभ्या राहिल्या, बस पुलावरून निघून गेली. दोन्ही वेळा उशिरा पोचल्या. मेमो टेबलावर होता, सही व्हायची बाकी. महिनाअखेरीला त्यांचं कंत्राट संपत होतं, आणि मेमो असलेल्याचं कंत्राट पुढं वाढत नाही हे तिथल्या चहावाल्यालाही ठाऊक होतं.

“ॲपवर काय दिसतंय ते बघितलं का?” मी साहेबांना विचारलं.

“स्क्रीनशॉट दाखवला यांनी. कधीचा काढलेला, कोण जाणे.”

ताई उसळल्या. “खोटं बोलायले का मी? फोन घ्या की हातात! सगळे म्हणायलेत ॲप काढून परत टाक. मैत्रिणीनं काढलं, परत टाकलं, तरी तीच टाकी. मी नाही काढणार. काढलं तर माझ्याकडं पुरावा काय राहिला?”

साहेब माझ्याकडं बघून हसले. “बघा. नवीन भरती झालेल्या पोरांना बरोबर दिसतं, आणि या जुन्या लोकांनाच दिसत नाही. म्हणजे काय समजायचं?”

समजायचं ते मी तिथंच समजलो, आणि कानशिलं तापली. नव्या पोरांच्या फोनमध्ये जुनं काही नव्हतंच. जो आधीपासून निमूटपणे ॲप वापरत होता, नेमका त्यालाच ॲप खोटं सांगत होतं. आणि आयकॉन काढला तरी ब्राउझरनं साठवलेलं आणि तो वर्कर जागेवरच राहतो, म्हणून मैत्रिणीला परत टाकीच दिसली. आम्ही सगळ्यांनी मिळून या लोकांना खोटारडं ठरवत आणलं होतं.

त्यांचा फोन हातात घेतला. ॲप उघडलं. टाकी. रिफ्रेश. टाकी. साहेबांना म्हटलं, “तुम्हीच ओढा खाली.” त्यांनी ओढलं. टाकी. तिसऱ्यांदा ओढताना त्यांचा चेहरा लॉटरी न लागलेल्या माणसासारखा झाला.

माझी हुशारी आता उघडी पडली. फोनमधलं जुनं पान जुन्याच नावाच्या वर्करची चौकशी करत होतं. सर्व्हरवर त्या नावाची फाइल मी ठेवलीच नव्हती. ती मिळेना, म्हणून ब्राउझरनं आहे तोच वर्कर चालू ठेवला. नव्या नावाची खबर होती फक्त नव्या पानात, आणि नवं पान जुना वर्कर फोनपर्यंत येऊच देत नव्हता. पत्ता बदलल्याचं पत्र मी नव्या पत्त्यावर टाकलं होतं.

तिथंच लॅपटॉप उघडला. जुन्याच नावाची फाइल परत ठेवली. आत लिहिलं: आल्या आल्या ताबा घे, वाट बघू नको, साठवलेलं सगळं पूस, उघडी पानं पुन्हा लोड कर. ताईंना ॲप उघडायला सांगितलं. क्षणभर टाकीच दिसली. मग पडदा लुकलुकला आणि पुलाचा थांबा आला.

“आलं!” साहेब म्हणाले. “प्रश्न मिटला. ताई, जावा लाइनवर. यापुढं जरा लक्ष देत चला.”

लक्ष देत चला! माझ्या डोक्यात तिडीक गेली. “साहेब, त्यांनी लक्ष दिलं म्हणूनच बस चुकली. ॲप न बघणारे ड्रायव्हरला विचारून पुलावर गेले असतील. मेमोचं काय?”

“मेमोऐवजी मी समज देतो. तोंडी.”

“समज कशाची? चूक माझी आहे. तसा मेल आत्ता टाकतो, एचआरला पण. आणि टाकीवर थांबून ज्यांना ज्यांना उशीर झाला, ते सगळे त्यात येतील.”

“तुमच्या मालकांना विचारलंत का?”

नव्हतं विचारलं. विचारलं असतं तर त्यानं मलाच रिफ्रेश केलं असतं. मेल टाकला. साहेबांनी तो दोनदा वाचला, मेमो उचलला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. माफी मात्र कुणाच्या तोंडून निघाली नाही. म्हणून मीच मागितली.

ताईंनी ती घेतलीही नाही, नाकारलीही नाही. फोनकडं बघत म्हणाल्या, “भाऊ, आता हे खरं सांगायलंय कशावरून?”

मी तोंड उघडलं. जिभेवर तेच एक वाक्य येऊन उभं होतं. गिळलं. मग त्यांनीच माझ्यासमोर ड्रायव्हरला फोन लावला, स्पीकरवर.

“काका, उद्या सकाळी बस कुठं?”

“पुलावर की,” पलीकडून मोशीकडचा खणखणीत आवाज आला. “टाकी बंद हाय. ॲपवर न्हाई आलं व्हय अजून?”