तिसऱ्या उद्दिष्टाचं उत्तर

आमच्या खोलीत दोन टेबलं, एक माझं आणि एक उद्दिष्टसरांचं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल. कॉलेजात कुणी वापरत नाही. कुणीही शोधनिबंध आणला की हा माणूस शेवटचं पान आधी वाचणार आणि प्रत्येक निष्कर्षावर बोट ठेवून विचारणार, "हे कुठल्या उद्दिष्टाचं उत्तर?" घरीही तीच गत. वहिनी बाहेर निघाल्या की यांचं "उद्देश?" वहिनींनी आजवर उत्तर दिलेलं नाही, तरी संसार झकास चाललाय.

एकदा पीएचडी करणारी आमची सहकारी आली, सगळ्यांची ताई. सिमेंटचा काही भाग काढून त्या जागी काचेची पूड घातली तर काँक्रीट कसं होतं, हा तिचा विषय. उद्दिष्टं तीन: ठोकळे फोडून ताकदीतला फरक पाहणं, पुडीचं योग्य प्रमाण ठरवणं, पाणी शोषण्यावरचा परिणाम तपासणं. निष्कर्षात मात्र पर्यावरण, भविष्य आणि मानवजात.

"मानवजातीचे किती ठोकळे फोडलेस?" सरांनी विचारलं.

पानभर मजकूर दोन ओळींवर आला. पंधरा टक्के पुडीपर्यंत ताकद वाढते, पुढे घटते. तपासलेल्या प्रमाणांत पंधरा टक्केच उत्तम. तिसऱ्यापाशी गाडं अडलं. ओव्हन मध्येच बिघडल्यामुळे ठोकळे पुरते वाळले नव्हते, त्यामुळे पाणी किती शोषलं ते सांगणाऱ्या वजनांवर भरवसा नव्हता.

"शोषण थोडं कमी होतं, असं लिहू?" ताई म्हणाली. "पीएचडीची नोंदणी संपत आलीय, सर. नियतकालिकानं निबंध स्वीकारला नाही तर इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात."

"या नोंदींवरून निष्कर्ष काढता येत नाही, असं लिही. तेही उत्तरच आहे."

तिनं जीव मुठीत धरून तसं लिहिलं. मला सरांचा अभिमान वाटला, आणि ताईची काळजीही.

परीक्षकाचा शेरा आला: 'प्रत्येक उद्दिष्टासमोर ठोस निष्कर्ष हवा. नसेल तर ते उद्दिष्ट गाळावे.' पहिलं वाक्य शंभर टक्के सरांचं. त्यांनी इतकी वर्षं इतक्यांना घोकून घेतलेलं, आता कुणीतरी ते त्यांनाच ऐकवत होतं. नव्यानं प्रयोग करायला ताईकडे वेळ नव्हता.

"आपण भांडू या, सर," ताई म्हणाली.

सरांनी तो शेरा पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी स्वतःच तिसऱ्या उद्दिष्टावर काट मारली, त्याच्या निष्कर्षावरही. "तू आधी डॉक्टर हो. भांडायला मी आहे."

निबंध छापून आला. दोन उद्दिष्टं, दोन निष्कर्ष, बोट ठेवायला जागा नाही. शेवटी ताईनं मनापासून आभार मानले होते: 'उद्दिष्टे आणि निष्कर्ष यांचा तंतोतंत मेळ घालून दिल्याबद्दल.'

सरांनी ती ओळ वाचली आणि निबंध माझ्या टेबलावर सरकवला.

"चुकीचं काहीच नाही यात," ते म्हणाले. त्या दिवशी आणखी तिघं आपापले निष्कर्ष घेऊन आले. सरांनी एकालाही काही विचारलं नाही.