वरच्या आळीचा आवाज

बस डेपोच्या चौकशीच्या खिडकीत त्याने एकोणतीस वर्षं काढली, आणि गावभर त्याचं नाव पडलं आवाजराव. आवाजच तसा होता. एकदा म्हणे एक म्हातारा-म्हातारी त्याची घोषणा ऐकत बाकावर इतकी रमली, की त्यांची गाडी त्यांच्याच डोळ्यांदेखत निघून गेली. म्हातारा खिडकीशी येऊन म्हणाला, "पुढच्या गाडीचं जरा वाईट आवाजात सांगा हो." ही गोष्ट खरी की खोटी, कोण जाणे. आवाजराव ती सांगायचा मात्र मनापासून.

तर डेपोतल्या आवाजामुळे वस्तीच्या वार्षिक मेळाव्याचं सूत्रसंचालन त्याच्या गळ्यात पडलं, आणि बावीस वर्षं तो ते अंगावर शर्ट असावा तसं वागवत होता. घोटाळा झाला तो गेल्या वर्षी.

वस्तीचे दोन भाग. वरची आळी जुनी. खालच्या अंगाला नवी घरं, नऊ वर्षांपूर्वीची. रस्ता रुंद करताना दुसरीकडची घरं पाडली, ती माणसं इथे आणून बसवली. आवाजरावची थोरली बहीण, आक्का, सासरच्या माणसांसोबत त्यांच्यातच आली. भाऊ वर, बहीण खाली, मध्ये चालत सात मिनिटं. आणि दोन्हीकडचा हॉल एकच, नंतर बांधलेला. त्याच्या विटा खालच्या बायकांनी डोक्यावरून वाहिल्या होत्या, त्यात आक्काही होती.

गेल्या वर्षी आवाजरावाने नेहमीसारखं स्वागत सुरू केलं. मेळावा समितीच्या चिटणीसांनी दिलेली व्यासपीठावरच्या चौदा मान्यवरांची यादी वाचली, मग ज्येष्ठांना, मग माता-भगिनींना नमस्कार केला. शेवटी मागच्या रांगांकडे हात करून, आवाजात जितकी माया घालता येईल तितकी घालून म्हणाला, "आणि खालच्या वस्तीतून आलेल्या आमच्या पाहुण्यांचंही मनःपूर्वक स्वागत!"

त्याला वाटलं, आपण मान दिला.

अकराव्या रांगेतून आक्का उठली. पिशवी घेतली आणि निघाली. तिच्यामागे तीसेक माणसं निघाली. खुर्च्या सरकल्याचा आवाज माईकमध्येही आला. त्या दिवसापासून आक्का भावाच्या घराची पायरी चढली नव्हती. आणि आवाजराव बिचारा इतका धसकला, की डेपोत गाडीची घोषणा करतानाही कोणाला काही लागेल का, हे मनात दोनदा घोळवायचा.

यंदा मेळावा आठ दिवसांवर आला तेव्हा बायको म्हणाली, "किती दिवस तोंड लपवणार? जा आणि विचार."

तो गेला. आक्का दारात गादीला टाके घालत बसली होती. मोठ्या सुईने एक टाका ओढला, मग वर पाहिलं.

"काय रे, इकडे कुठे? वाट चुकलास?"

"आक्का, या वेळी माईकवरून माफी मागतो. सगळ्यांसमोर. म्हणजे एकदाचं मिटेल."

आक्काने सुई गादीत खोचली. "मिटेल? अरे, तू माफी मागशील आणि पाचशे माना गर्रकन मागे वळतील. कोण ते, कुठे बसलेत ते, बघायला. गेल्या वर्षी पाहुणे केलंस, या वर्षी तमाशा कर."

"मग मी म्हणू तरी काय तुम्हाला?"

"आम्हाला वेगळं काही म्हणायचंच कशाला?" ती पुन्हा टाके घालू लागली. "येऊ की नाही, ते बघू. चहा घ्यायचा असेल तर तुझी बायको करते ना घरी?"

म्हणजे उठ, असाच अर्थ. आवाजराव उठला.

चिटणीस तर वेगळ्याच तोऱ्यात होते. यादी हातात देताना म्हणाले, "चौदा नावं, याच क्रमाने, सुरुवातीलाच. आणि मागची माणसं पुन्हा उठली तर पुढच्या वर्षी सूत्रसंचालन माझी पुतणी बघेल. तिचे उच्चार छान आहेत." आवाज गेला की माणसाचं काय उरतं, हे आवाजरावाला कळेना.

मेळाव्याच्या दिवशी दुपारी चारला हॉल भरला. पुढे सोफे, मग खुर्च्या. खालची माणसं आली होती खरी, पण बसली नाहीत. मागच्या दाराशी भिंतीला पाठ लावून उभी राहिली, चपला पायात, पिशव्या खांद्यावर. बावीस वर्षांत आवाजरावाला एक गोष्ट पक्की कळली होती. बसलेला माणूस उठायला थोडा वेळ लावतो, उभ्याला एक पाऊल पुरतं. त्यांच्यात आक्का होती.

त्याने घसा खाकरला आणि सवयीने, एका दमात, सुरू केलं. पत्र्याच्या छताखाली त्याचं पहिलं वाक्य मागच्या भिंतीवर आपटून परत आलं आणि दुसऱ्या वाक्यावर पडलं. नुसता गलका. मागे काहींनी कानाला हात लावले. कोणीतरी हसलं.

तो थांबला. पुढच्या सोफ्यावरून चिटणीसांनी भुवया उंचावल्या. माईक तोंडाशी चिकटला होता, तो त्याने चार बोटं दूर धरला. आवाज एक पट्टी खाली आणला, खिडकीत अडाणी प्रवाशाला गाडी समजावून सांगताना आणायचा, तितकाच.

"नमस्कार."

तो शब्द मागच्या भिंतीपर्यंत गेला, विरला, तेवढा वेळ त्याने वाट पाहिली.

"मागे ऐकू येतंय का?"

"नीट नाही!" दाराजवळून एकाने ओरडून सांगितलं.

"बरं झालं सांगितलंत." माईकवाल्याकडे पाहून म्हणाला, "दादा, पुढचा कर्णा थोडा कमी करा, मागचा थोडा वाढवा." माईकवाल्याने बटणं फिरवली. "आता?"

"येतंय."

माफीचे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले. आक्का त्याच्याकडेच बघत होती. त्याने ते गिळले.

"बसलेल्यांना नमस्कार." थांबला. "उभे असलेल्यांना नमस्कार." थांबला. "दाराबाहेरून ऐकणाऱ्यांना नमस्कार. ज्यांना बसायचं आहे, त्यांनी बसावं. ज्यांना उभं राहणं सोयीचं, त्यांनी उभं राहावं. कोणाला टाळ्यांसाठी उठायला सांगणार नाही, गुडघे ज्याचे त्याला माहीत." हशा पिकला, पुढेही आणि मागेही. "हा हॉल आपला आहे. आपण सगळे आलो आहोत. सुरू करूया."

बस्स. यादी खिशातच राहिली. एकेका मान्यवराचं नाव त्याने त्याचं बोलणं आलं तेव्हा, तेवढ्यापुरतं घेतलं. नववं नाव येईपर्यंत चिटणीसांच्या मानेवरची शीर ताठ झाली होती.

मागची निम्मी माणसं हळूहळू खुर्च्यांवर टेकली. आक्का मात्र उभीच. कार्यक्रम पावणेदोन तास चालला आणि ती पावणेदोन तास दाराशी उभी राहिली. प्रत्येक वेळी तिने पाय बदलला की आवाजरावची नजर तिकडे जायची. मधे दोनदा तो पुढचा वक्ता विसरला.

कार्यक्रम संपल्यावर चिटणीसांनी त्याला पायऱ्यांशी गाठलं. "मान्यवरांचा अपमान केलात तुम्ही. पुढच्या वर्षी त्रास घेऊ नका."

"बरं," तो म्हणाला. बावीस वर्षं एका शब्दात संपली आणि त्याला त्याक्षणी त्याचंही भान नव्हतं, कारण डोळे दाराकडे होते.

आक्का चपलांच्या गर्दीतून वाट काढत निघाली होती. त्याच्या जवळून जाताना थबकली. त्याच्या तोंडाकडे नाही, शर्टाच्या गुंडीकडे बघत म्हणाली, "वहिनी बरी आहे का?"

वर्षभरात पहिल्यांदा तिने त्याच्या घरचं विचारलं होतं. त्याने नुसती मान डोलावली.

"बरं," आक्का म्हणाली, आणि खालच्या वाटेला लागली. घरी येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.