‘तुम्ही’ म्हणण्याआधीच्या शिव्या

रशियन मी पुण्यात शिकले आणि पोट भरते मेहकरात बसून, सिनेमांची मराठी उपशीर्षकं लिहून. गल्लीतल्या बायकांना वाटतं, मी बँकेचं काहीतरी करते.

यंदा हाती आलेल्या एका रशियन सिनेमात दोन ट्रक ड्रायव्हर होते, जिवाचे दोस्त. त्यांच्या बोलण्यात ‘ब्ल्यात्’ ही चांगलीच घाण शिवी स्वल्पविरामासारखी येते. त्यात राग नसतो, असलीच तर माया असते. शेवटी एकाला दुसऱ्याची चोरी कळते, तेव्हा मात्र तो एकही शिवी देत नाही. जन्मभर ‘तू’ म्हटलेल्या माणसाला तो एकदम ‘वी’, म्हणजे ‘तुम्ही’ म्हणतो. सगळा सिनेमा त्या एका शब्दावर उभा.

म्हणून मी शिव्या ठेवल्या. सगळ्या नाही, कारण ऐकलेली शिवी कानावरून जाते, लिहिलेली डोळ्यांत खुपते, आणि दोन ओळींत जागा ती किती! थट्टेला नुसतं आमचं वऱ्हाडी ‘बे’ लावलं, आवाज चढला तिथे ‘भडव्या’. पुण्याच्या संपादकबाईंनी सगळं धुऊन काढलं. ‘भडव्या’चा ‘मूर्खा’ झाला, ‘बे’चं ‘अरे’.

“प्रेक्षक बिचकतील हो. शिवाय रशियन माणूस ‘बे’ म्हणतो का?”

“मग ‘अरे’ तरी कुठे म्हणतो?” मी फोनवरच तडकले. “सुरुवातीपासून सगळेच सोज्वळ बोलले तर शेवटचं ‘तुम्ही’ कोणाला ऐकू येणार?”

शेवटी ठरलं. आमच्या मेहकरच्या चित्रपट मंडळात माझी प्रत दाखवायची. त्या स्वतः येणार. शेवटच्या प्रसंगाला हशा पिकला, तर त्यांची प्रत सगळीकडे जाईल.

रविवारी दुपारी सभागृह भरलं. बाई माझ्या शेजारी, हाताची घडी घालून. पडद्यावर उमटलं, ‘झोपला का बे, भडव्या? दरीत घालतो का गाडी?’ लोक खदखदून हसले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, हसायची सवय लागली तर शेवटीही हसतील.

शेवटचा प्रसंग आला. बर्फात ट्रक थांबला. ‘तुमचं सामान घ्या. कृपया खाली उतरा.’

कोणी हसलं नाही. मग मागून एक जाडाभरडा आवाज हळूच म्हणाला, “गेली न बाप्पा दोस्ती.”

त्याच्या बायकोने विचारलं, “काऊन? त्यानं त शिवी बी नाई देल्ली.”

“म्हणूनच त.”

मला नाचावंसं वाटलं. दिवे लागले तेव्हा बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, “तुमचीच प्रत जाईल. एक ‘भडव्या’ही गाळायचा नाही.”