पोटच्या पोराचा आवाज

ठाकुर्लीच्या बाजारात मासळीची टोपली उतरवली की ठमाबाई आधी आपल्या क्यूआर कोडवर नख फिरवते. वर कुणा मेल्याने दुसरा चिकटवला नाही ना? मग पहिल्या गिऱ्हाइकाला स्क्रीनवरचं नाव मोठ्याने वाचायला लावते. हे तिच्या लेकाने, मयूरने शिकवलेलं. "माझ्या आवाजात कुणी पैसे मागितले, तर फोन ठेव आणि माझ्या नंबरवर लाव," हेही त्यानेच बजावलेलं. त्यावर मात्र ती हसलेली, "पोटच्या पोराचा आवाज मला कळणार नाय?"

एका दुपारी तोच आवाज फोनवर रडला, "आये, अपघात झालाय." तिने होतं नव्हतं ते पाठवलं. मयूर तेव्हा कामावर डबा खात होता. तो आवाज म्हणजे मशीनने केलेली नक्कल होती.

आता मयूरचा फोन आला की ती कट करते आणि स्वतः लावते.

"आये, मीच होतो गं."

"तो पण हेच बोललेला."