कमीकरा मामा आणि काचेतला फोटो

माझ्या मामाने उभ्या जन्मात काही सांगितलेल्या भावाला घेतलं नाही. "कमी करा" हे त्याचं ठरलेलं वाक्य, म्हणून तो सगळ्यांचा कमीकरा मामा. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या लिहिल्या, तर हा म्हणाला, "आठात भागवा." गंमत म्हणजे स्वतः तो हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर उभा असतो आणि गिऱ्हाइकाला एक रुपया सोडत नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा फोटोग्राफर ठरवायला अर्थातच मामा. मीही सोबत होते. सत्तर हजारांवर घोडं अडलं. फोटोग्राफर तसूभर हलेना. मामाने दुकानाच्या दर्शनी काचेकडे नजर टाकली.

"आमच्या पोरीचा मोठा फोटो लावा इथे. जाहिरात होईल तुमची. दहा सोडा."

फोटोग्राफरने मला एकदा नीट न्याहाळलं आणि दहा सोडले. पावतीवर तसं लिहिलं, मामाने झोकात सही केली, तीस हजार आगाऊ दिले. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, मी हुरळून गेले होते. दहा हजारांचा चेहरा!

लग्नाआधीचं शूटिंग झालं आणि फोटो काचेत लागला. त्यात मी नवऱ्या मुलाच्या खांद्यावर डोकं ठेवून खदाखदा हसतेय. लग्न दीड महिन्यावर आलं आणि तिकडून फोन आला, मुलाची मनाची तयारी नाही. एवढंच. बाबांनी अंथरूण धरलं. मला रडू आलं नाही, नुसती आग झाली. आणि माझी ऑफिसची वाट नेमकी त्या काचेवरूनच. रोज सकाळी मी मलाच हसताना बघायची. शेजारी तो.

शेवटी मामा उठला. "पैसेही आणतो आणि फोटोही." बुकिंग माझ्या नावावर होतं, म्हणून मलाही जावं लागलं. आत काचेकडे पाठ करून बसले.

फोटोग्राफर माणूस वाईट नव्हता. त्याने पाणी दिलं, पावती उलटी करून पुढे सरकवली. मागे छापलं होतं, आगाऊ रक्कम परत मिळणार नाही.

"ते छापायचंच असतं हो," मामा म्हणाला. "अल्बम बनला नाही, लग्नाचा एक फोटो काढला नाही तुम्ही. कमी करा."

"काका, शूटिंगचे बारा झाले. त्या दिवसासाठी दुसऱ्या कॅमेरावाल्याला सहा देऊन बसलोय, तो परत देणार नाही. राहिले बारा. त्या तारखेला दोन पार्ट्या परत पाठवल्या मी. निम्मे घ्या, सहा. तारीख भरली तर उरलेलेही देईन."

हे मामाचं मैदान. तो पुढे सरसावला, घसा खाकरला. पण आधी म्हणाला, "बरं, तो फोटो तेवढा उतरवा."

"तो कसा उतरवू? दहाची सूट त्याच्यावरच दिली होती. तुमचीच सही आहे."

मामाने सही बघितली. मग माझ्याकडे बघितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी खाली मान घातली. त्याची नव्हे, मला माझीच लाज वाटत होती. हुरळले होते ना तेव्हा.

"पोरगी रोज इथून जाते हो," मामा म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"मला कळतं काका. पण माझंही पोट आहे. उतरवतो. फ्रेमचे, छपाईचे चार गेलेत. दोन घ्या. तारखेचं मात्र विसरा."

मामाने तोंड उघडलं. मी ते दोन शब्द यायची वाट बघत राहिले. ते आलेच नाहीत. त्याने दोन हजार न मोजता खिशात कोंबले आणि म्हणाला, "द्या उतरवून."

एवढी मोठी फ्रेम रिक्षात मावेना. मामा ती छातीशी धरून, चित्राची बाजू आत करून घरापर्यंत चालत आला. दारात मामी म्हणाली, "तेल गेलं, तूप गेलं, हाती..." आणि मला बघून गप्प झाली. फोटो त्यांच्या कपाटामागे गेला. मी त्याच वाटेने, पण आता मान वर करून ऑफिसला जाऊ लागले. वाटलं, चला, सुटलो.

काही महिन्यांनी मी मामाच्या दुकानात बल्ब घ्यायला गेले होते. त्याच्या मालकांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. ते खुशीत होते. गल्ल्यातून एक कार्ड काढून त्यांनी मामापुढे धरलं.

"हा फोटोग्राफर चांगला आहे म्हणे. सगळीकडे वाटलीत त्याने ही कार्डं. तुम्ही चला बरोबर, भाव तुम्हीच करा."

कार्डावर मी हसत होते.

मामाने कार्ड घेतलं, माझ्या चेहऱ्यावर अंगठा दाबून धरला आणि म्हणाला, "सांगेल तेवढे देऊन टाका, मालक."