एकावर एक मोफत

ऑफिसात तिला सगळे ‘हवामान खातं’ म्हणत, आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचं. सौंदर्यप्रसाधनांच्या त्या घाऊक गोदामात कुठला माल कधी आणि किती मागवायचा, हे बावीस वर्षं तीच ठरवत होती. थंडीत खोबरेल गोठतं, लोक बारीक तोंडाची बाटली सोडून रुंद तोंडाचा डबा मागतात. म्हणून डब्यांची ऑर्डर ती दोन महिने आधीच वाढवून ठेवायची. ऊन तापायच्या आत सनस्क्रीन दुकानांत पोचलं पाहिजे, हेही तिला कुणी सांगावं लागत नसे.

यंदा मात्र थंडी सरत आली तरी मॉइश्चरायझरचे अठराशे खोके जागचे हलले नव्हते. दाराशी सनस्क्रीनचा ट्रक उभा आणि आत पाय ठेवायला जागा नाही. पुढल्या थंडीपर्यंत सांभाळावं, तर मुदत संपत आलेल्या मालाला दुकानदार हात लावत नाहीत. आपल्याकडे पडून राहिलेला माल गोदामाने परत घ्यावा म्हणून त्यांनी ‘उशिरा पोचला’ असा कांगावा सुरू केला होता. माल पाठवायचं काम गोदामातल्या काकांचं. मालकांचा सगळा राग त्यांच्यावर वळला.

रविवारी ती धाकट्या बहिणीकडे गेली. हात धुताना न्हाणीघरातल्या फळीवर तिला मॉइश्चरायझरच्या तीन सीलबंद बाटल्या दिसल्या.

“एवढ्या कशाला गं?”

“गेल्या वर्षी एकावर एक मोफत होती ना, ताई. थंडी संपली, बाटल्या तशाच राहिल्या. यंदा एकही विकत आणली नाही.”

ती ऑफर तिनेच काढली होती, थंडीच्या शेवटच्या महिन्यात, उरलेला माल काढायला. लोकांनी या वर्षाचं तेव्हाच भरून ठेवलं होतं. आणि ऑर्डर देताना तिने ऑफरमुळे विक्रीत आलेला फुगवटा वजा केलाच नाही. गेल्या वर्षीची विक्री जशीच्या तशी धरली आणि वर दहा टक्के वाढवले. शिकाऊ माणसानेही करू नये अशी चूक.

सोमवारी ती सांगायचं ठरवूनच मालकांच्या केबिनमध्ये शिरली. टेबलावर काकांना कामावरून काढल्याचं पत्र होतं.

“बोला,” मालक म्हणाले. “आज माझं डोकं ठिकाणावर नाही, एवढं लक्षात ठेवा.”

घरी अंथरुणाला खिळलेला नवरा होता, आणि कमावणारी ती एकटी. ती घाबरली.

“सनस्क्रीनचा पुढचा ट्रक पंधरा दिवस पुढे ढकलूया,” ती म्हणाली. “आधी जागा होऊ दे.”

संध्याकाळी काका फाटकापाशी भेटले. हातात डब्याची पिशवी होती.

“मी भांडलो नाही, ताई,” ते म्हणाले. “साहेबांना म्हटलं, आकडा ताईंनी काढलाय, म्हणजे तो बरोबरच असणार. माझ्याच हातून कुठेतरी घोळ झाला असेल.”

ते रस्ता ओलांडून पलीकडे जाईपर्यंत ती फाटकापाशीच उभी होती.